बंद झालेले घोरणे पुन्हा का सुरू होते

गेल्या तीन वर्षांत माझे घोरणे तीन वेळा बंद झाले आणि तिन्ही वेळा परत आले. पहिल्यांदा ते पाठीला चेंडू शिवून बंद झाले, दुसऱ्यांदा नाकपट्टीने बंद झाल्यासारखे वाटले आणि तिसऱ्यांदा वजन उतरल्यावर बंद झाले. प्रत्येक वेळी उपाय सापडला असे आम्ही धरून चाललो आणि प्रत्येक वेळी महिन्या-दोन महिन्यांत सौ.ने उशी उचलून बाहेरच्या खोलीत अंथरूण घातले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. तेरीज जुळली नाही की आम्ही नवीन वही उघडत नाही, तर कोणत्या नोंदीपासून फरक पडत गेला ते मागे जाऊन शोधतो. घोरण्याच्या बाबतीत हे करायला मला दोन वर्षे लागली. तसे केल्यावर एवढे कळले की नंतर केलेला दातांवरचा साचा धरून चारही उपाय खरे आहेत, पण त्यांतला प्रत्येक उपाय श्वासमार्गाच्या वेगळ्या जागेवर काम करतो, आणि माझ्या घोरण्याला जागा एक नव्हती.

आधी पाहायची गोष्ट: नुसते घोरणे की श्वास अडणे

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, त्याला लोंबणारी पडजीभ, जिभेचे मूळ आणि घशाच्या बाजूच्या भिंती जवळ येतात, वाट अरुंद होते आणि त्या अरुंद वाटेतून वेगाने जाणारी हवा या मऊ भागांना फडफडवते. तो आवाज म्हणजे घोरणे. वाट अरुंद होण्याऐवजी पूर्ण मिटली किंवा जवळजवळ मिटली, तर आवाज थांबतो, श्वासही थांबतो आणि थोड्या वेळाने मेंदू दचकून स्नायू ताणतो, तेव्हा मोठ्या फुरफुराटासह श्वास पुन्हा सुरू होतो. झोपेतल्या श्वासरोधाचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, आणि त्यात घोरण्याचा आवाज कमी करणे म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्यासारखे असते.

हे झोपणाऱ्याला स्वतःला कळत नाही. मला सौ.ने सांगितले. ती म्हणाली, “अहो, आवाजाचे मला काही नाही, पण मध्येच तुमचे सगळे गप्प होते, तेव्हा मी उठून बसते आणि तुम्ही श्वास घेईपर्यंत मोजत राहते.” तिने एकदा सतरापर्यंत मोजले होते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर वैद्यकात तो एक श्वासरोध धरला जातो, त्यामुळे तिचे मोजणे पुरेसे बोलके होते. तरीही मी वर्षभर तिकडे लक्ष दिले नाही. याच वर्षात पहिले दोन उपाय करून झाले होते, आणि ही तपासणी त्यांच्या आधी व्हायला हवी होती.

मिरजेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आठ प्रश्न विचारले. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग येते का, कोणी श्वास थांबलेला पाहिला आहे का, रक्तदाब आहे का, वजन उंचीच्या मानाने खूप जास्त आहे का, वय 50 च्या वर आहे का, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का आणि रुग्ण पुरुष आहे का, असे हे प्रश्न आहेत. पाच किंवा अधिक होकार आले तर मध्यम किंवा तीव्र श्वासरोधाचा संभव मोठा मानतात, तीन-चार आले तर मधला. तेव्हा मी 49 वर्षांचा होतो, उंची 168 सेंटिमीटर, वजन 84 किलो आणि गळा साडेएकेचाळीस सेंटिमीटर. माझे होकार चार झाले आणि घरी करायची झोपेची तपासणी ठरली.

या तपासणीत रात्री नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी लावून आपल्याच अंथरुणात झोपायचे असते, आणि सकाळी यंत्र परत द्यायचे असते. अहवालात मुख्य आकडा असतो तो तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला याचा. पाचपेक्षा कमी असेल तर मोठ्या माणसात ते सर्वसाधारण धरतात, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. माझी नोंद साडेसहा तासांची झाली, त्यात 80 वेळा श्वास अडला, म्हणजे तासाला सुमारे 12. पण डॉक्टरांनी पेनाने खूण केली ती खालच्या ओळीवर. अडीच तास मी उताणा होतो आणि त्यात 60 वेळा अडले होते, म्हणजे तासाला 24. चार तास कुशीवर होतो आणि त्यात फक्त 20 वेळा, म्हणजे तासाला पाच. शिकागोच्या रोझालिंड कार्टराइट यांनी 1984 साली उताणे आणि कुशीवर यांतली तफावत मोजून जी कसोटी घातली, ती अजून वापरतात. उताणे असतानाचा आकडा कुशीवरच्या आकड्याच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर ते मुख्यतः उताणे झोपण्याशी बांधलेले दुखणे समजायचे. माझा जवळजवळ पाचपट होता.

याच्या उलट उदाहरण आमच्या घरातच आहे. माझे मेहुणे ट्रक चालवतात. माझे पाहून त्यांनीही कुशीवर झोपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घरात आवाज खरोखर कमी झाला, पण सिग्नलला उभे असताना डोळा लागणे काही थांबेना. त्यांच्या तपासणीत आकडा 40 च्या वर निघाला, तोही दोन्ही कुशींवर, आणि बोटावरचा प्राणवायू रात्रभर खाली-वर होत होता. त्यांना सीपॅप यंत्र दिले आहे, जे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा धरते. दिवसा पेंग येते, विशेषतः गाडी चालवताना, किंवा रक्तदाब औषधांनी आटोक्यात येत नाही, अशा माणसाने पुढे लिहिलेल्या गोष्टींत वेळ घालवण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

वही

तपासणीनंतर मी एक जुनी दोनशे पानी वही घेतली. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो किमान 14 रात्री ठेवायचा, असे ठरवले. रकाने पाच होते: तारीख, रात्रीच्या जेवणाची वेळ, नाक (मोकळे, एक बाजू बंद, दोन्ही बंद), त्या रात्री चालू असलेला उपाय आणि सौ.ने दिलेला शेरा. शेरा शून्य ते तीन असा होता. शून्य म्हणजे शांत, एक म्हणजे ऐकू येते पण झोप मोडत नाही, दोन म्हणजे झोप मोडते आणि तीन म्हणजे खोली सोडावी लागते. फोनवर आवाज नोंदवणारी ॲपही मिळतात आणि मी एक वापरले, पण फोन रोज त्याच जागी आणि तेवढ्याच अंतरावर ठेवला नाही तर आकड्यांना अर्थ राहत नाही, शिवाय पंखा आणि गल्लीतली कुत्री त्यातच मोजली जातात. सौ.चा शेरा जास्त भरवशाचा ठरला. कोणताही उपाय नसलेल्या पंधरवड्यात त्याची सरासरी 2.4 आली.

डॉक्टरांनी जागेपणी करून पाहायच्या दोन युक्त्याही सांगितल्या. तोंड किंचित उघडे ठेवून मुद्दाम घोरल्यासारखा आवाज काढायचा, मग खालचा जबडा जमेल तेवढा पुढे ओढून तोच आवाज काढून पाहायचा. पुढे ओढल्यावर आवाज निघेनासा झाला किंवा बराच मंद झाला, तर जिभेच्या मुळाकडची जागा संशयित समजावी. दुसरी युक्ती नाकाची. एका बाजूचा गाल नाकाजवळ बोटाने धरून हलकेच बाहेर ओढायचा आणि श्वास घ्यायचा. त्या बाजूने हवा लक्षात येण्याइतकी सहज आत गेली, तर नाकपुडीच्या आतली पुढची अरुंद जागा अडचण करते आहे. माझा आवाज जबडा पुढे घेतल्यावर निम्म्याने उतरला, आणि उजव्या नाकपुडीत थोडा फरक पडला. जागेपणीचा घसा आणि झोपेतला घसा सारखे नसतात, म्हणून या युक्त्यांवरून पक्के निदान होत नाही, पण कुठून सुरुवात करावी ते कळते.

कुशीवर झोपणे

उताणे असताना जीभ आणि मऊ टाळू स्वतःच्या वजनाने मागे पडतात, कुशीवर असताना ते बाजूला पडतात, एवढेच यामागचे कारण आहे. पहिल्या वर्षी मी ऐकीव सल्ल्याप्रमाणे बनियनच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मध्ये, कापडाचा खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला होता. पहिला आठवडा फारच चांगला गेला. मग मी झोपेतच चेंडूवर पडून राहायला शिकलो आणि सकाळी पाठीत गोळा घेऊन उठायला लागलो, किंवा पहाटे बनियनच काढून फेकू लागलो. तिसऱ्या आठवड्यात बनियन कपाटात गेले आणि घोरणे परत आले. उपाय चुकीचा नव्हता, तो टिकेल असा केला नव्हता. चेंडूच्या बाबतीत बहुतेकांचे असेच होते. काही काळाने तो सुटतो.

दुसऱ्या वेळी मी मुलीची शाळेची जुनी पाठपिशवी घेतली, तिच्यात जुना टॉवेल आणि चादर घट्ट भरली आणि पट्टे आवळून ती पाठीला लावून झोपू लागलो. पिशवी टोचत नाही, पण तिच्यावरून उताणे वळताच येत नाही. उशीचीही दुरुस्ती करावी लागली. उताणे झोपण्याची पातळ उशी कुशीवर घेतली तर डोके खाली झुकते, मान वाकते आणि खांदा दुखतो, मग शरीर आपोआप पाठीवर वळते. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत जेवढे अंतर आहे तेवढी उंच उशी लागते. माझ्या नेहमीच्या उशीखाली दोन घड्यांची सोलापुरी चादर घातल्यावर ती भरली. गुडघ्यांमध्येही एक छोटी उशी घेतली की कमरेची तक्रार राहिली नाही. या पंधरवड्याची सरासरी 1.1 आली, म्हणजे निम्म्याहून कमी. ज्या तीन रात्री शेरा दोन होता, त्या तिन्ही रात्री नाकाच्या रकान्यात “दोन्ही बंद” असे लिहिलेले होते.

कूस बदलल्यावरही शेरा अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरला नाही, तर यात अडकून राहू नये. अशा माणसाचा घसा कुशीवरही तेवढाच अरुंद असतो, आणि तपासणीच्या अहवालातही दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतील.

नाक, आणि हळदीचा हंगाम

सर्वांत जास्त गैरसमज मला नाकाबद्दल होता. आमच्याकडे जानेवारीच्या आसपास नवी हळद येऊ लागते आणि उन्हाळाभर सौदे चालतात. पोती उपसून ढीग लागले की पिवळी धूळ इतकी उडते की संध्याकाळी रुमालावर नाक शिंकरले तरी तो पिवळा होतो. दर वर्षी फेब्रुवारीत माझे नाक भरते आणि दर वर्षी त्याच सुमारास घोरणे वाढते. दुसऱ्या वर्षी एका मित्राने नाकपट्टी आणून दिली. ही पट्टी नाकाच्या बाहेरून आडवी चिकटवायची असते. तिच्यातली लवचीक कामटी सरळ व्हायचा प्रयत्न करते आणि नाकपुड्यांच्या कडा बाहेर ओढते. पहिल्या रात्री सौ. सकाळी म्हणाली, “आज एकदाही जाग आली नाही हो.” आम्ही लगेच खोकाभर पट्ट्या घेतल्या.

पुढे वही ठेवायला लागल्यावर मी तो प्रयोग पुन्हा नीट 14 रात्री केला आणि सरासरी आली 2.2. उपाय नसताना 2.4 होती. ती पहिली रात्र आठवून पाहिली तेव्हा लक्षात आले, की त्या दिवशी संकष्टी होती, जेवण हलके होते आणि मी खिडकीकडे तोंड करून कुशीवरच झोपलो होतो. पट्टीला श्रेय मिळाले ते असे.

पट्टी निरुपयोगी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. नाकाची सर्वांत अरुंद जागा पुढच्या भागात, नाकपुडीच्या थोडी आत असते आणि पट्टी नेमकी तीच जागा रुंद करते. ज्याची ती जागा जन्मतः बारीक आहे किंवा जोरात श्वास घेताना ज्याच्या नाकपुड्या आत चिकटतात, म्हणजे गाल ओढायच्या युक्तीत ज्याला स्पष्ट फरक कळतो, त्याचा आवाज तिने कमी होऊ शकतो. नाकपुडीत घालायचे मऊ सिलिकॉनचे शंकूही याच जागेसाठी असतात. ते तेलकट त्वचेवर पट्टीसारखे निसटत नाहीत, पण माप चुकले तर रात्री गादीवर सापडतात. पट्टी लावायची असेल तर नाक साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि पट्टी नाकाच्या हाडावर न लावता त्याखाली, जिथे नाकपुड्या फुगायला लागतात त्याच्या जरा वर लावावी. हाडावर लावलेली पट्टी काहीच उघडत नाही, आणि बहुतेक जण ती तिथेच लावतात. घसा मिटणे थांबवण्याचे काम मात्र कोणत्याही पट्टीचे किंवा शंकूचे नाही. श्वासरोधाच्या आकड्यावर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही.

माझी अडचण आणखी आत होती. धुळीने नाकातील आतल्या मांसल घड्या सुजत होत्या आणि तिथवर पट्टीची ओढ पोचत नव्हती. हे कळण्याआधी मी एक चूक केली होती, ती सांगतो. दुकानातल्या एकाने नाक मोकळे करणारे थेंब दिले. दहा मिनिटांत नाक साफ उघडले आणि मी ते रोज रात्री तीन आठवडे घातले. अशा थेंबांनी सूज तात्पुरती आकसते, पण काही दिवसांपलीकडे सलग वापरले तर थेंबांचा असर ओसरताच सूज दुप्पट होऊन परतते. चौथ्या आठवड्यात थेंबांशिवाय मला तोंडानेच श्वास घ्यावा लागत होता, आणि त्या दिवसांतले सगळे शेरे तीनचे आहेत. डॉक्टरांनी ते थेंब बंद केले आणि यापुढे कधी लागलेच तर तीन दिवसांच्या वर नाही, असे बजावले.

त्याऐवजी दोन गोष्टी चालू झाल्या. संध्याकाळी दुकानातून आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणे ही पहिली. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे तसेच घेऊ नये. पाव लिटरला साधारण अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते. दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टेरॉइडचा नाकातला फवारा. त्याचा परिणाम पहिल्या रात्री दिसत नाही, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, म्हणून बरेच जण तो चौथ्या दिवशी सोडून देतात. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा वापरावा, म्हणजे फवारा आपोआप बाहेरच्या भिंतीकडे जातो. मधल्या पडद्यावर मारत राहिले तर नाकातून रक्त येते. सौद्यांच्या वेळी मी आता मुखपट्टीही बांधतो. नाक मोकळे झाल्यावर हंगामातली सरासरी 2.6 वरून 1.7 झाली. उरलेले 1.7 नाकाचे नव्हतेच.

वजन

त्या पावसाळ्यात मी वजन उतरवायला घेतले. मानेतली आणि घशाभोवतीची चरबी वाट बाहेरून दाबते हे सगळे जाणतात, पण चरबी जिभेच्या आतही साठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासकांनी 2020 साली एमआरआयने मोजून दाखवले, की वजन उतरल्यावर श्वासरोधात जी सुधारणा होते तिच्याशी जिभेतली चरबी घटण्याचा संबंध सर्वांत जवळचा असतो. किती उतरल्यावर किती फरक, याचा अंदाज अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीतून येतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन 10 टक्के घटण्याशी श्वासरोधाचा आकडा सरासरी 26 टक्क्यांनी घटण्याचा संबंध दिसला, आणि 10 टक्के वाढण्याशी तो 32 टक्क्यांनी वाढण्याचा. म्हणजे चढताना दर जास्त लागतो.

मी काही विशेष केले नाही. रात्रीचे जेवण साडेनऊवरून साडेसातला आणले, भात सोडून एक ज्वारीची भाकरी आणि भाजी ठेवली, दुकानात चारच्या चहाबरोबर मूठ-मूठ होणारे भडंग बंद केले आणि सकाळी हरिपूरच्या रस्त्याने पाऊण तास चालू लागलो. डिसेंबरपर्यंत 84 चे 77 झाले आणि गळ्याचा घेर साडेएकोणचाळीसवर आला. घेर मी दर रविवारी शिंप्याच्या फितीने कंठमण्याच्या जरा खाली मोजतो, कारण काट्यावर दोन किलो पाण्यानेही हलतात, गळा हलत नाही. पहिले तीन महिने वहीत काहीच फरक नव्हता. फरक पाचव्या किलोनंतर दिसू लागला, म्हणून चौदा रात्रींचा नियम या उपायाला लावू नये. डिसेंबरची सरासरी, पिशवी न बांधता, 1.0 होती, आणि सौ. आतल्या खोलीत परतली.

मग लग्नसराई आली, हंगाम आला, चालणे सुटले, आणि मार्चच्या शेवटी वजन 80 व शेरा पुन्हा दोनच्या वर गेला. तीन किलोंनी एवढे व्हावे याचे मला आश्चर्य वाटले, पण नाकाचा रकाना पाहिल्यावर त्यातले निम्मे धुळीचे होते हे दिसले. उरलेल्या निम्म्यासाठी मी चौथ्या उपायाकडे गेलो.

जबडा पुढे धरणारा साचा

हे उपकरण वरच्या आणि खालच्या दातांवर बसते आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि तिच्यामागची वाट मोकळी होते. जागेपणी जबडा पुढे घेतल्यावर माझा आवाज निम्म्यावर आला होता, म्हणून यातून गुण येईल असे डॉक्टरांना वाटत होते. त्याआधी मी ऑनलाइन मागवलेला, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साचा वापरून पाहिला. तो रात्री दोन वाजता उशीवर पडलेला असायचा आणि सकाळी कानापुढचा सांधा दुखायचा. त्यात जबडा किती पुढे घ्यायचा ते बदलता येत नव्हते. एकाच ठिकाणी, बहुधा माझ्या मानाने फार पुढे, तो अडकलेला होता.

दंतवैद्यांनी प्रथम दात आणि हिरड्या तपासल्या, कारण साचा दातांनाच धरून राहतो. दात हलत असतील, बरेच पडलेले असतील किंवा कवळी असेल तर हा साचा बसत नाही. त्यांनी तोंड किती उघडते तेही पाहिले. आपल्याकडे मावा-गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, त्याने साच्याआधी त्या दुखण्याची तपासणी करावी. मग मापे घेतली. माझा जबडा सर्वांत मागच्या स्थितीपासून सर्वांत पुढच्या स्थितीपर्यंत 10 मिलिमीटर सरकत होता. सुरुवात त्याच्या निम्म्यावर, म्हणजे पाच मिलिमीटरवर केली, आणि साच्याच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून दर आठवड्याला अर्धा मिलिमीटर पुढे न्यायचे ठरले.

पहिल्या आठवड्यात लाळेने उशी भिजली आणि शेरा दोनवरच राहिला. अशा वेळी साचा चालत नाही असे वाटते, पण तो अजून पुरेसा पुढे नसतो. साडेसहा मिलिमीटरवर शेरा एकवर आला, सातवर बहुतेक रात्री शून्य झाला. साडेसातवर सकाळी सांध्यात कळ आली, म्हणून पुन्हा सातवर आणून तिथेच थांबलो. त्या स्थितीत, साचा तोंडात ठेवून, तपासणी पुन्हा केली. ही दुसरी तपासणी टाळू नये, कारण आवाज थांबला म्हणजे श्वासरोध थांबला असे नसते. माझा आकडा 12 वरून चारवर आला होता.

सकाळी साचा काढल्यावर पाव तास दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि भाकरी एका बाजूने चावावी लागते. त्यासाठी एक छोटी पट्टी दिली आहे, ती दाढांत धरून जबडा मागे घेऊन चावत राहायचे. काही वर्षांत दातांची ठेवण थोडी कायमची सरकू शकते, हा या उपायाचा खरा तोटा आहे आणि म्हणूनच दंतवैद्य वर्षातून एकदा तरी बोलावतात. साचा गरम पाण्यात धुऊ नये, वाकतो.

परत सुरू झाले की मी काय पाहतो

शेरा सलग तीन रात्री दोन आला की मी वही उघडतो. नाकाच्या रकान्यात “बंद” जास्त असतील तर फवारा आणि धुणे चालू करतो आणि दुसरे काही बदलत नाही. नाक मोकळे असेल तर फीत घेतो. गळा चाळीसच्या वर गेला असेल तर कारण तिथे असते, आणि तोवर पिशवी बांधून भागवतो. दोन्ही ठीक असतील तर साचा सैल झाला आहे का, स्क्रू आपोआप मागे फिरला आहे का ते पाहतो. एकदा तो एक मिलिमीटर मागे आलेला सापडला. रात्री उशिरा जड जेवण किंवा समारंभातले मद्य झाले असेल, तर ती रात्र हिशेबात धरत नाही, कारण मद्याने घशाचे स्नायू इतके सैल पडतात की न घोरणारा माणूसही घोरतो. डॉक्टरांनी निजण्याआधी चार तास घेऊ नये असे सांगितले आहे, झोपेच्या गोळ्याही त्यांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि सौ.ने पुन्हा मोजायला सुरुवात केली, तर वही बाजूला ठेवून तपासणीसाठी थेट मिरजेला जायचे, असे आमच्यात ठरले आहे. या हंगामात तिने अजून मोजलेले नाही. कालच्या तारखेपुढे नाकाच्या रकान्यात “उजवे बंद” आणि शेऱ्याच्या रकान्यात एक आहे.